उल्हासचे पाणी आणि चार परीक्षानळ्या

पावसाळ्याचे पहिले काही आठवडे उलटले की कल्याण-डोंबिवलीतील गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर पाणी उकळून पिण्याच्या सूचना लागतात, आणि त्यांच्या पाठोपाठ एखादी दक्ष संस्था आपल्या टाकीतील पाण्याचा नमुना तपासणीला धाडते. हे पाणी मूळचे उल्हास नदीचे. राजमाचीकडच्या डोंगरांतून निघून कर्जत-बदलापूरवरून ही नदी कल्याणपाशी येते, अंबरनाथ-उल्हासनगरची सारी घाण पोटात घेतलेली वालधुनी तिला येथेच मिळते, आणि याच परिसरात मोहिली व बारावे येथे नदीचे पाणी उचलून, निवळून, गाळून व क्लोरीनने निर्जंतुक करून शहराला दिले जाते. केंद्रातून निघालेले पाणी शुद्ध असते असे गृहीत धरले, तरी तेथून घरच्या तोटीपर्यंतचा मार्ग लांब आणि धोक्याचा असतो. कारण पुरवठा ठरावीक वेळीच होतो, बंद काळात नळातील दाब नाहीसा होतो, आणि अशा वेळी एखाद्या कुजक्या सांध्यातून भोवतालचे पाणी, मग ते पावसाचे मुरलेले असो वा शेजारच्या मलवाहिनीतून झिरपलेले असो, आत ओढले जाते.

अशा नमुन्याच्या दाखल्यावर ‘कोलिफॉर्म आढळले’ एवढाच शेरा आला, तर त्यावरून काय समजावे, हा या लेखाचा विषय आहे. कोलिफॉर्म हे एका जीवाणूचे नाव नव्हे. दुग्धशर्करेचे किण्वन करून सदतीस अंशांच्या आसपासच्या तपमानात अठ्ठेचाळीस तासांच्या आत आम्ल आणि वायू निर्माण करणाऱ्या, ग्रॅम-ऋण, बीजाणू न बनविणाऱ्या दंडाकृती जीवाणूंच्या एका जमावाला सोयीसाठी दिलेली ती संज्ञा आहे. या जमावात मनुष्याच्या आणि जनावरांच्या आतड्यात वस्ती करणारा एशेरिशिया कोलाय येतो, आणि माती, धान्य, गवत, कुजका पालापाचोळा यांवर सुखाने वाढणारे क्लेब्सिएला व एन्टरोबॅक्टर हेही येतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे सारखेच दिसतात, आणि दुग्धशर्करेच्या नळीतही सारखाच वायू सोडतात. परंतु पहिल्याची पाण्यातील उपस्थिती म्हणजे ताज्या विष्ठेचा संसर्ग, आणि म्हणून टायफॉइड व पटकीच्या जंतूंनाही तोच मार्ग मोकळा असल्याचा इशारा. तर दुसऱ्यांची उपस्थिती म्हणजे बहुधा पावसाबरोबर आत आलेली माती. शेरा एकच, पण अर्थ दोन, आणि त्या अर्थांनुसार करावयाचे उपाय सर्वस्वी भिन्न.

हा भेद उष्ण कटिबंधात विशेष निकडीचा आहे, ही गोष्ट हिंदुस्थानच्या आरोग्यखात्यात काम केलेल्या डब्ल्यू. डब्ल्यू. क्लेमेशा यांनी फार लवकर ओळखली होती. उष्ण प्रदेशांतील पृष्ठजलाच्या जीवाणूंवर त्यांनी १९१२ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आपल्याकडच्या तळ्यानद्यांत विष्ठेतील काही जीवाणू प्रखर उन्हामुळे लौकर नष्ट होतात, तर काही त्याच पाण्यात दीर्घकाळ टिकून राहतात, तेव्हा नुसती एकूण संख्या मोजून भागत नाही, कोणती जात उरली आहे हे पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडच्या थंड पाण्यासाठी बांधलेले ठोकताळे ठाण्याच्या मासुंद्याला किंवा कल्याणच्या काळ्या तलावाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे त्या विवेचनाचे सार आजही ग्राह्य आहे.

जात ओळखण्याची खरी किल्ली मात्र एका वेगळ्याच ठिकाणी सापडली. अमेरिकेच्या कृषिखात्यात एल. ए. रॉजर्स, विल्यम मॅन्सफील्ड क्लार्क आणि त्यांचे सहकारी दुधाच्या शुद्धतेचा अभ्यास करीत होते. गाईच्या शेणातून काढलेले कोलिफॉर्म आणि वाळक्या धान्यावरून काढलेले कोलिफॉर्म यांनी सोडलेल्या वायूंचे त्यांनी काटेकोर पृथक्करण केले, तेव्हा शेणातील जीवाणूंनी कर्बवायू आणि हायड्रोजन जवळजवळ समप्रमाणात सोडले होते, तर धान्यावरील बहुसंख्य जीवाणूंच्या वायूत कर्बवायू हायड्रोजनच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक निघाला. याचा अर्थ असा, की एकाच ग्लुकोजचे हे दोन गट दोन निरनिराळ्या मार्गांनी विघटन करीत होते. प्रत्येक नमुन्याच्या वायूचे असे पृथक्करण करणे कोणत्याही नगरपालिकेच्या प्रयोगशाळेला परवडणारे नव्हते. म्हणून क्लार्क आणि लब्ज यांनी १९१५ साली तोच भेद रंगाच्या एका थेंबात पकडण्याची युक्ती काढली. मेथिल रेड परीक्षा ती हीच.

ग्लुकोजचे हे दोन मार्ग नीट समजले की इंडोल, मेथिल रेड, फोगेस-प्रॉस्कावर आणि सायट्रेट या चार, म्हणजेच इमविक, परीक्षांचा अर्धा भाग समजला, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य होईल. दोन्ही गटांचे जीवाणू ग्लुकोज फोडून प्रथम पायरुव्हिक आम्ल तयार करतात. येथपर्यंत फरक नाही. त्यानंतर एशेरिशिया कोलाय त्या पायरुव्हिक आम्लापासून लॅक्टिक, ॲसेटिक, सक्सिनिक आणि फॉर्मिक अशी आम्लांची मिसळच बनवितो, आणि फॉर्मिक आम्लाचे पुन्हा दोन तुकडे करून कर्बवायू व हायड्रोजन एकास एक या प्रमाणात सोडतो. माध्यम उत्तरोत्तर आंबट होत जाते, आणि आंबटच राहते. क्लेब्सिएला आणि एन्टरोबॅक्टर यांचाही आरंभ आम्लानेच होतो. पण माध्यमाची आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की त्यांच्या पेशीत एक निराळे विकर कार्यरत होते, जे पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू जोडून त्यांतून कर्बवायू काढून टाकते, आणि पुढे ॲसिटोइन व ब्यूटेनडायॉल अशी उदासीन द्रव्ये बनू लागतात. दोन आम्लरेणूंच्या जागी एक उदासीन रेणू आला म्हणजे आम्लता उतरणारच, आणि काढून टाकलेल्या कर्बवायूमुळे त्याचे प्रमाणही वाढणारच. रॉजर्स आणि क्लार्क यांना धान्यावरील जीवाणूंत जो अधिक कर्बवायू दिसला, त्याचा उगम हा होय.

मेथिल रेड परीक्षा या दोन मार्गांपैकी पहिल्याचा शेवट पाहते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम ग्लुकोज, पाच ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट आणि तेवढेच किंवा थोडे अधिक पेप्टोन घालून केलेल्या माध्यमात जीवाणू वाढवावयाचा, आणि नंतर त्या संवर्धात मेथिल रेडचे पाच थेंब टाकावयाचे. पीएच ४.४ वा त्याखाली गेलेला असेल तर द्रव तत्काळ लाल होतो, सहाच्या वर असेल तर पिवळा राहतो, आणि मधला नारिंगी रंग आला तर निकाल संशयास्पद समजून उबवणीचा अवधी वाढवावयाचा. माध्यमातील फॉस्फेट केवळ पोषणासाठी नसते. थोडेसे आम्ल ते झेलून घेते, म्हणूनच सतत आणि भरपूर आम्ल निर्माण करणारा जीवाणूच त्याला पुरून उरतो. त्याच कारणाने ग्लुकोजचे प्रमाणही आपल्या मर्जीने कमीजास्त करता येत नाही, कारण या दोन द्रव्यांच्या मापातच परीक्षेचे सारे गणित बसविलेले आहे.

या परीक्षेत नवख्या विद्यार्थ्याच्या हातून होणारी चूक जवळजवळ नेहमी घाईची असते. चोवीस तासांनी पाहिले तर क्लेब्सिएलाची नळीसुद्धा लाल दिसू शकते, कारण तोवर तोही आम्लच बनवीत असतो आणि उदासीन मार्गाकडे त्याचे वळण पुरते झालेले नसते. म्हणून अठ्ठेचाळीस तासांपूर्वी मेथिल रेड वाचू नये असा दंडक आहे, आणि क्लार्क-लब्जच्या मूळ पद्धतीनुसार पाच दिवस उबवून वाचणे अधिक सुरक्षित समजले जाते. थांबण्याची तयारी नसलेल्या प्रयोगशाळेने ही परीक्षा करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण येथे आम्ल निर्माण झाले किंवा नाही हा प्रश्नच नसून ते टिकले किंवा नाही हा प्रश्न आहे.

दुसऱ्या मार्गाचा शेवट पाहणारी फोगेस-प्रॉस्कावर परीक्षा वयाने मेथिल रेडहून थोरली. बर्लिनमधील ऑटो फोगेस आणि बर्नहार्ड प्रॉस्कावर यांना १८९८ साली असे दिसले, की विशिष्ट जीवाणूंच्या ग्लुकोजयुक्त संवर्धात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ती नळी ठेवून दिली की वरच्या भागात हळूहळू लाल झाक येते. हे असे का होते, ते त्यांना सांगता आले नाही. लंडनच्या लिस्टर संस्थेतील आर्थर हार्डन यांनी १९०६ साली त्याचा उलगडा केला. क्षारयुक्त द्रवात हवेतील प्राणवायू मिळाला की ॲसिटोइनचे डायअॅसिटिल बनते, आणि ते पेप्टोनमधील विशिष्ट घटकाशी संयोग पावून लाल रंग देते. हा घटक म्हणजे अर्जिनिनसारख्या अमिनो आम्लांत असणारा ग्वानिडिन गट. किण्वनावरील संशोधनासाठी पुढे १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटेकरी झालेले हार्डन ते हेच.

मूळ परीक्षेचा रंग येण्यास फार वेळ लागे, आणि तो फिकाही असे. १९३६ साली बॅरिट यांनी त्यात अल्फा-नॅफ्थॉलची भर घातली, आणि आजही आपल्याकडील प्रयोगशाळांत हीच सुधारणा वापरली जाते. संवर्धाचा एक मिलिलिटर निराळ्या नळीत काढावयाचा, त्यात अल्फा-नॅफ्थॉलच्या पाच टक्के द्रावणाचे बारा थेंब घालावयाचे, मग चाळीस टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे चार थेंब, आणि नळी चांगली हलवून तिरपी ठेवावयाची. हा क्रम उलटा केला तर रंग फिका पडतो, आणि हलविण्यात आळस केला तर तो येतच नाही. कारण ही प्रतिक्रिया हवेवर चालते, आणि नळीच्या तळाशी हवा नसते. धन नळीत पंधरा मिनिटांच्या आत द्रवाच्या पृष्ठभागावर प्रथम गुलाबी पट्टा उमटतो, तो हळूहळू खाली उतरत जातो, आणि तासाभरात डाळिंबी होतो. तासाच्या पुढे मात्र ऋण नळ्यांतही तांबूस-तपकिरी रंग येऊ लागतो. तो केवळ अभिकर्मकांचा आपापसातील परिणाम असून त्यावरून निकाल देणे चूक आहे. मेथिल रेडसाठी पाच दिवस थांबा म्हटले, तर येथे उलट फार काळ उबवू नये, कारण काही जीवाणू ॲसिटोइनचे पुढे ब्यूटेनडायॉल करून टाकतात आणि तेवढ्यापुरता पुरावाच नाहीसा होतो. म्हणून शहाणी प्रयोगशाळा एकाच माध्यमाच्या दोन नळ्या भरते, एक दोन दिवसांनी या परीक्षेसाठी वापरते, आणि दुसरी मेथिल रेडसाठी राखून ठेवते.

इंडोलची परीक्षा त्या मानाने सरळ आहे. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे ट्रिप्टोफॅनेज या विकराने विघटन होऊन इंडोल, पायरुव्हिक आम्ल आणि अमोनिया निर्माण होतात. एशेरिशिया कोलायच्या बहुतेक सर्व वाणांत हे विकर असते, आणि क्लेब्सिएला न्यूमोनीत ते नसते. एक टक्का ट्रिप्टोनच्या पाण्यात चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जीवाणू वाढवून त्यावर कोव्हॅकचा अभिकर्मक, म्हणजे पॅराडायमेथिलअमिनोबेन्झाल्डिहाइडचे अमिल अल्कोहोल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांतील द्रावण, अर्धा मिलिलिटर घातला की इंडोल वर तरंगणाऱ्या अल्कोहोलमध्ये ओढले जाते, आणि तेथे चेरीसारखे लाल कडे उमटते. कडे पिवळेच राहिले तर निकाल ऋण. सावध राहावे अशा गोष्टी दोन. माध्यमातील प्रथिन ट्रिप्सिनने पचविलेले असावे, आम्लाने नव्हे, कारण आम्लात उकळले की ट्रिप्टोफॅन नष्ट होते आणि मग जीवाणूपाशी विकर असूनही त्याला फोडण्यास काही उरत नाही. आणि माध्यमात ग्लुकोज मुळीच नसावे, कारण साखर उपलब्ध असताना जीवाणू हे विकर बनविण्याचे आवरते घेतो.

चौथी परीक्षा सायट्रेटची, आणि ती मला या चौघींत सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. स्टुअर्ट कोझर यांनी १९२३ साली असे दाखविले, की कर्बाचा एकमेव पुरवठा सायट्रेटचा आणि नायट्रोजनचा एकमेव पुरवठा अमोनियाचा ठेवला, तर मातीतील कोलिफॉर्म त्या माध्यमात वाढतात आणि विष्ठेतील वाढत नाहीत. द्रवात वाढ झाली की नाही हे गढूळपणावरून ठरवावे लागे, आणि थोडीशी गढूळता नुसत्या पेरलेल्या जीवाणूंचीही असू शके. १९२६ साली सिमन्स यांनी त्यात अगार आणि ब्रोमोथायमॉल ब्लू घालून ही अडचण दूर केली. तयार माध्यम पानासारखे हिरवे असते. त्यावर जीवाणू वाढला की सायट्रेटमधील सोडियमपासून क्षारधर्मी कार्बोनेट बनते, पीएच ७.६ च्या वर चढतो, आणि तिरपा पृष्ठभाग वरच्या पातळ टोकापासून गडद निळा होत जातो.

येथे एक आश्चर्य आहे. एशेरिशिया कोलायला सायट्रेट पचविता येत नाही असे बहुधा पाठ्यपुस्तकांत वाचावयास मिळते, परंतु वस्तुस्थिती तशी नाही. त्याच्या पेशीतील श्वसनचक्रात सायट्रेट प्रत्येक क्षणी बनत आणि मोडत असते. उणीव आहे ती आत आणण्याच्या साधनाची. कोठाराच्या बाहेर धान्याची पोती रचलेली असावीत, आत दळणकांडणाची सर्व सिद्धता असावी, आणि दार मात्र बाहेरून उघडू नये, तशी त्याची अवस्था असते. हवेशिवाय वाढत असताना हे दार उघडणारे प्रथिन तो बनवितो, हवा असताना बनवीत नाही. आणि सिमन्सची तिरपी नळी तर हवेतच ठेवलेली असते. रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ पासून अमेरिकेत चालविलेल्या दीर्घ प्रयोगात एशेरिशिया कोलायच्या बारा वंशांना दररोज नव्या माध्यमात वाढविले, आणि त्या माध्यमात सायट्रेट सदैव विपुल होते. तरी एकतीस हजारांहून अधिक पिढ्या गेल्यावर त्यांतील एकाच वंशात हे दार हवेतही उघडण्याची किमया साधली. एवढ्या अवधीत बारांपैकी एकाच वंशाला जे जमले, त्यावर विसंबून आपल्या टाकीतील जीवाणूची सायट्रेट परीक्षा ऋण येईल असे मानण्यास हरकत नाही. अर्थात सायट्रेट पचविण्याची जनुके बाहेरून मिळालेले एशेरिशिया कोलायचे काही वाण निसर्गातही आढळले आहेत, पण ते विरळा.

या नळीत बिघाड होतो तो पेरणीत. संवर्ध द्रव माध्यमातून घेऊन लावला, किंवा तारेच्या वळ्याने भरभरून थापला, तर त्याबरोबर आलेल्या अन्नावरच थोडी वाढ होते आणि निळी छटा उमटून फसगत होते. सरळ सुईने वसाहतीचा नुसता स्पर्श करून पेरावे, आणि नळीचे टोपण सैल ठेवावे, कारण हवा कोंडली तर खरा धन निकालही ऋण दिसतो.

या चार परीक्षा पूर्वीपासून निरनिराळ्या प्रचारात होत्याच. लेलँड पार यांनी १९३६ साली त्यांना एकत्र गुंफून त्यांच्या आद्याक्षरांचे नाव दिले, आणि ताज्या व साठवून ठेवलेल्या विष्ठेचा अभ्यास करून असे दाखविले, की ताजेपणी प्रबळ असलेला कोलाय कालांतराने मागे पडतो आणि अन्य जातींचे प्रमाण वाढते. सारांश, इमविकचा नमुना केवळ जीवाणूचे नाव सुचवीत नाही, तो संसर्गाच्या वयाचीही थोडीफार खबर देतो. धन, धन, ऋण, ऋण असा क्रम आला तर एशेरिशिया कोलाय, आणि ऋण, ऋण, धन, धन असा अगदी उलट क्रम आला तर क्लेब्सिएला न्यूमोनी किंवा एन्टरोबॅक्टर. सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी बहुधा ऋण, धन, ऋण, धन असे उत्तर देतो, म्हणजे मिश्र आम्लांचा मार्ग कोलायचा आणि सायट्रेट खाण्याची सवय मातीतल्यांची.

आता हे सारे एका नमुन्यावर लावून पाहू. डोंबिवली पूर्वेतील एखाद्या संस्थेची तळटाकी जुलैच्या पहिल्या पावसानंतर तपासावयाची आहे असे समजू. निर्जंतुक बाटलीत आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, कारण पाण्यातील क्लोरीन वाटेतही जीवाणू मारीतच राहील आणि नमुना खोटा सांगेल. तोटी ज्वालेने तापवून, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू देऊन बाटली भरली आणि बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचविली. मॅकॉन्कीच्या दुग्धशर्करायुक्त माध्यमात दोन दिवसांनी नळ्या पिवळ्या पडल्या आणि आतील उलट्या लहान नळ्यांत वायूचे बुडबुडे साचले. आता सहायकाने वेळ वाचविण्यासाठी त्या पिवळ्या द्रवातूनच चारही नळ्या पेरल्या, आणि दोन-चार दिवसांनी चारही धन आल्या. लाल कडे, लाल द्रव, डाळिंबी पट्टा, निळा उतार. असा क्रम देणारा जीवाणू शोधू गेलो, तर पुस्तकातील कोष्टकात एखादे दुर्मिळ नाव सापडेलही, आणि तेच दाखल्यावर लिहिण्याचा मोह होईल.

खरा मार्ग तो नव्हे. त्याच द्रवाची एक रेघ इओसिन मेथिलीन ब्लू अगारच्या तबकडीवर ओढली असती, तर दुसऱ्या दिवशी तेथे दोन प्रकारच्या वसाहती दिसल्या असत्या. एक लहान, सपाट, मध्यभागी काळसर, आणि प्रकाशात तिरपी धरली की भुंग्याच्या पंखासारखी हिरवी धातुमय झळाळी देणारी. दुसरी मोठी, फुगीर, गुलाबी, आणि सुईने उचलू गेले तर तार धरणारी. दोन्ही स्वतंत्रपणे पुन्हा रेघाळून शुद्ध केल्या आणि प्रत्येकीच्या निराळ्या चार नळ्या लावल्या, तर पहिली धन, धन, ऋण, ऋण देईल आणि दुसरी ऋण, ऋण, धन, धन. चारही धन आल्या त्या एका जीवाणूच्या नव्हत्या. दोघांची उत्तरे एकमेकांवर पडली होती. कोलायने इंडोल आणि आम्ल पुरविले, क्लेब्सिएलाने ॲसिटोइन आणि सायट्रेटची निळाई. पाण्याच्या दृष्टीने निष्कर्षही बदलतो. तळटाकीत माती गेली आहेच, पण तिच्याबरोबर ताजे मलही गेले आहे. तेव्हा पावसाचे पाणी शिरते कोठून एवढाच शोध घेऊन चालणार नाही, टाकीच्या आसपास मलवाहिनी किंवा शोषखड्डा कोठे फुटला आहे हे पाहिले पाहिजे.

याच नमुन्यात गुलाबी वसाहती तेवढ्या मिळाल्या असत्या आणि त्यांनी मातीतल्यांचा क्रम दिला असता, तर निश्चिंत व्हावे काय? माझ्या मते नव्हे. क्लेब्सिएला आतड्यातही राहतो, आणि त्याचे काही वाण चव्वेचाळीस अंशांतही दुग्धशर्करा आंबवितात. म्हणून केवळ त्या तपमानावर वाढ झाली यावरून कोलाय म्हणणे जसे चूक, तसेच क्रम उलटा आला यावरून पाणी निर्दोष म्हणणेही चूक. त्याहून उपयुक्त पडताळा म्हणजे चव्वेचाळीस अंशांवर इंडोलची परीक्षा लावणे. त्या उष्णतेत वाढून इंडोलही देणारा कोलिफॉर्म बहुधा एशेरिशिया कोलायच असतो. पाण्यात सर्रास आढळणारा एरोमोनास इंडोल, मेथिल रेड आणि फोगेस-प्रॉस्कावर या तिन्हीत धन येऊ शकतो, आणि त्याला कोलिफॉर्म समजण्याची चूक टाळण्यासाठी इमविकच्या आधी ऑक्सिडेज परीक्षा करावी लागते; एरोमोनास तीत धन, कोलिफॉर्म ऋण. कोलायसारखाच क्रम देणारे एडवर्डसिएला आणि मॉर्गानेला यांना दुग्धशर्करा आंबविता येत नाही, म्हणून ते आधीच्या टप्प्यावरच गळतात. शिगेलाचे काही वाणही याच क्रमाचे उत्तर देतात. तेव्हा दुग्धशर्करेची पायरी वगळून थेट चार नळ्यांवर आलेल्याला या परीक्षा दाद देत नाहीत.

जीवाणूंची नावे बदलतात, परीक्षांची उत्तरे बदलत नाहीत, हेही येथे नोंदवावे. एशेरिश यांनी १८८५ साली वर्णिलेला ‘बॅक्टेरियम लॅक्टिस एरोजीन्स’ हा पुढे एरोबॅक्टर, मग एन्टरोबॅक्टर एरोजीन्स झाला, आणि २०१७ साली त्याला क्लेब्सिएला एरोजीन्स असे नाव मिळाले. जुन्या दप्तरातील नोंदी वाचताना नाव कोणतेही असो, समोरचा ऋण, ऋण, धन, धन हा क्रम पाहावा.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे विलंब. नमुना घेतल्यापासून दोन दिवस दुग्धशर्करेचे, एक दिवस तबकडीचा, एक शुद्धीकरणाचा आणि दोन ते पाच चार नळ्यांचे, असा आठवडा सहज जातो, आणि तेवढ्यात इमारतीतील लोक तेच पाणी पीत असतात. कोलायच्या बहुसंख्य वाणांत असणाऱ्या ग्लुकुरोनिडेज या विकराचा रंगीत माध्यमावर एका दिवसात तपास लागतो, म्हणून पाणीपुरवठ्याच्या नित्य तपासणीत त्या पद्धतीने इमविकची जागा घेतली, आणि ते योग्यच झाले. शंभर मिलिलिटर नमुन्यात एशेरिशिया कोलाय मुळीच आढळता कामा नये, ही भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकातील अट पाळावयाची तर उत्तर त्वरेनेच हवे. चार नळ्यांचे काम उरते ते संशयित वसाहतीची शहानिशा करण्यापुरते, आणि कल्याण-ठाण्याच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी रंग का बदलला हे स्वतःच्या हाताने समजून घेण्यापुरते. तळटाकीच्या बाबतीत मात्र अहवालाची वाट न पाहता टाकी रिकामी करून घासावी, क्लोरीनच्या पाण्याने धुवावी, पुन्हा भरल्यावर अर्ध्या तासाने तोटीपाशी मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरतो की नाही ते पाहावे, आणि दुसरा नमुना टाकीत शिरणाऱ्या मुख्य नळातून घ्यावा. त्या नळातील पाण्यात कोलाय नसेल आणि टाकीतील पाण्यात असेल, तर खोदकाम संस्थेच्या आवाराच्या आतच करावे लागेल.